तीन सेकंदांत वाचली जाणारी पाटी

प्रदर्शनात रमतगमत चालणारा माणूस सेकंदाला साधारण एक मीटर पुढे सरकतो. तीन मीटर रुंदीचा स्टॉल त्याच्यासमोरून तीन सेकंदांत निघून जातो. पुण्याची भीमथडी जत्रा असो, मुंबईचे महालक्ष्मी सरस असो की मोशीचे किसान प्रदर्शन, दोन्ही बाजूंना स्टॉलच्या रांगा आणि मधून वाहणारी माणसे हे चित्र सगळीकडे सारखेच. एवढ्या वेळात त्या माणसाला 'इथे काय मिळते' हे कळले, तर तो थांबतो. नाही कळले, तर पुढच्या स्टॉलकडे जातो, आणि मागे वळून येणारे थोडेच असतात.

हे तीन सेकंद सांभाळायचे काम दोन वस्तूंवर असते. एक म्हणजे स्टॉलच्या मागच्या भिंतीवर लावलेला बॅकड्रॉप आणि दुसरी म्हणजे दर्शनी कोपऱ्यात उभी केलेली, गुंडाळून नेता येणारी स्टँडी. दोन्ही छापून घ्यायला लोक बऱ्यापैकी पैसे खर्च करतात, पण छापायला देण्यापूर्वी अंतर मोजणारा क्वचितच भेटतो. नाव, बोधवाक्य, दहा वस्तूंचे फोटो, पुरस्कार, पत्ता, तीन फोन नंबर असे सगळे भरून फ्लेक्सवाल्याकडे दिले जाते. संगणकाच्या पडद्यावर ते भरगच्च आणि देखणे दिसते, आणि प्रदर्शनात त्यातले एकही वाक्य कुणी वाचत नाही. माझे म्हणणे साधे आहे. ही पाटी आधी टेपने मोजायची आणि मग रंगांनी सजवायची. क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात.

भिंत मोठी, पण दिसते किती?

बहुतेक बंदिस्त प्रदर्शनांत तीन मीटर बाय तीन मीटरचा, म्हणजे बाजारभाषेत दहा बाय दहाचा स्टॉल मिळतो. ॲल्युमिनियमच्या खांबांत पांढरे पॅनल बसवलेले असतात. एक पॅनल साधारण एक मीटर रुंद आणि अडीच मीटरला थोडे कमी उंच. म्हणजे मागची भिंत तीन मीटर रुंद आणि सुमारे 2.4 मीटर उंच. एवढी जागा पाहून कुणालाही वाटेल की लिहायला मुबलक जागा आहे.

आता समोरच्या तीन मीटर रुंद वाटेच्या मधोमध उभे राहा. स्टॉलची दर्शनी कड तुमच्यापासून दीड मीटरवर आहे आणि मागची भिंत साडेचार मीटरवर. भिंतीपुढे एक मीटरवर विक्रेती उभी आहे. तुमचे डोळे जमिनीपासून दीड मीटर उंच आहेत आणि तिचे डोके 1.6 मीटरवर. तुमच्या डोळ्यापासून तिच्या डोक्यावरून सरळ रेघ ओढली, तर ती भिंतीवर साधारण 1.65 मीटरला टेकते. विक्रेत्यांच्या मागची त्याखालची भिंत तुम्हाला दिसत नाही.

गर्दी झाली की परिस्थिती आणखी बिकट. तुमच्यापुढे एक मीटरवर दुसरे गिऱ्हाईक उभे असेल, तर तीच रेघ त्याच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर जवळजवळ 1.95 मीटरला पोहोचते. वरची पाच सेंटिमीटर जागा चौकटीत आणि ताणण्यात जाते असे धरले, तर गर्दीच्या वेळी खात्रीने दिसणारा पट्टा उरतो 1.95 ते 2.35 मीटरचा. म्हणजे फक्त 40 सेंटिमीटर! 2.4 मीटर उंचीच्या भिंतीचा जेमतेम सहावा हिस्सा. आणि नेमक्या गर्दीच्या वेळीच पाटीची गरज सर्वांत जास्त असते, कारण तेव्हा टेबलावरचा मालही दिसत नाही.

दुसरी गोष्ट आजूबाजूच्या भिंतींची. शेजारच्या स्टॉलपासून वेगळे करणारी पॅनल तीन मीटर खोल असतात. वाटेतून चालत येणारा माणूस स्टॉलच्या कडेपासून दीड मीटर अलीकडे असतो, तेव्हा ही बाजूची भिंत त्याच्यापासून मागचा सगळा बॅकड्रॉप झाकते. समोरच्या रांगेला लागून चालत असेल, तर तीन मीटर अलीकडेपर्यंत झाकते. बॅकड्रॉप पुरता दिसतो तो थेट समोर आल्यावरच. म्हणून 'बॅकड्रॉप लांबून दिसला पाहिजे' ही नेहमीची मागणी बंदिस्त स्टॉलमध्ये मुळात पुरीच होऊ शकत नाही. बॅकड्रॉप साडेचार ते सहा मीटरवरून वाचला जातो आणि लांबून बोलवायचे काम स्टँडीचे असते. कोपऱ्याचा, दोन बाजूंनी उघडा स्टॉल मिळाला किंवा स्टॉल वाटेच्या टोकाला असला, तर हा हिशेब बदलतो. तिथे बॅकड्रॉपही दूरवरून दिसतो आणि अक्षरे त्या अंतरासाठी धरावी लागतात. म्हणूनच स्टॉलचा नकाशा हातात आल्याशिवाय काही छापू नये.

अक्षर किती मोठे?

नेत्रतज्ज्ञाच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने तो 1862 साली प्रसिद्ध केला. त्यातल्या इंग्रजी 'ई'ची उंची पाच समान भागांत वाटलेली असते, तीन आडव्या रेघा आणि त्यांच्यामधल्या दोन मोकळ्या जागा. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून सुमारे नऊ मिलिमीटर उंचीचे असे अक्षर ओळखता येते. पण ही दृष्टीची शेवटची मर्यादा झाली, ताण देऊन, थांबून, उजेडात बसून वाचण्याची. चालता चालता, गोंगाटात, चष्मा घरी विसरलेल्या आजोबांना वाचता यायचे, तर अक्षर कितीतरी मोठे हवे. पाट्या करणाऱ्यांच्या जगात यासाठी एक ठोकताळा आहे. दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचे इंग्रजी मोठे अक्षर. म्हणजे अंतराचा एकशेविसावा भाग.

हा ठोकताळा देवनागरीला जसाच्या तसा लावला की गडबड होते. आपल्या अक्षरात शिरोरेघ आहे, पोटात रेघ आहे, गाठ आहे, वर मात्रा आणि खाली उकार आहे. 'ब' आणि 'व' यांत फरक एका तिरक्या रेघेचा. 'ष' आणि 'प' यांतही तोच. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यात फरक काय, तर शिरोरेघ तुटली आहे की जुळली आहे. दुरून नेमके हेच बारकावे आधी मिटतात आणि 'बाजरी' वाचणाऱ्याला क्षणभर अडखळवते. म्हणून मी देवनागरीसाठी इंग्रजीच्या दीडपट उंची धरतो. अंतराला 80 ने भागायचे, की अक्षराची उंची मिळते. सहा मीटरसाठी साडेसात सेंटिमीटर, आठ मीटरसाठी दहा सेंटिमीटर. हे काही प्रमाणित सूत्र नाही, कामाचा ठोकताळा आहे; पण त्याने फसगत होत नाही.

यात उंची म्हणजे शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतची, मात्रा आणि उकार सोडून. संगणकात दिसणारा फाँटचा आकडा ही उंची नसते. 72 पॉइंट म्हणजे एक इंच हे खरे, पण त्या इंचात वरच्या मात्रांची आणि खालच्या उकारांची जागाही धरलेली असते. प्रत्यक्ष अक्षर त्याच्या निम्म्याहून थोडे मोठे भरते. 'फाँट दोनशेचा ठेवलाय' हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही. छापल्यावर 'न' किती सेंटिमीटरचा येणार, हे विचारायचे.

अक्षराची जाडीही बेताची हवी. बारीक अक्षर दुरून विरते आणि अतिजाड अक्षराचे पोट बुजते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला 'मुक्ता' मोफत मिळतो आणि त्यात बारीकपासून खूप जाडपर्यंत सात जाड्या आहेत. त्यातली मधल्याहून जाड, पण सर्वांत जाड नसलेली जाडी पाटीला चांगली बसते. नक्षीदार, शेपट्या काढलेले फाँट बोधचिन्हापुरते ठेवावेत. फ्लेक्सवाले हौसेने अक्षराला पांढरी कड आणि काळी सावली देतात, ती मात्र निक्षून नको म्हणावी. त्या कडेने आणि सावलीने 'ब'च्या पोटातली उरलीसुरली मोकळी जागा भरून जाते. अक्षरांमध्ये अंतर वाढवायचा मोहही टाळावा. इंग्रजीत ते शोभते, पण मराठीत काही फाँटमध्ये त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

एक स्टॉल, सेंटिमीटरसह

समजा, नाचणीचे लाडू, पापड आणि सत्त्व करणारा महिलांचा एक बचत गट आहे. बोधचिन्हाचे रंग नाचणीचा गडद लालसर तपकिरी आणि हळदीचा पिवळा. दहा बाय दहाचा, एका बाजूने उघडा स्टॉल मिळाला आहे.

पहिला निर्णय शब्दांचा. सर्वांत मोठ्या अक्षरांत गटाचे नाव द्यावे, असे सगळ्यांनाच वाटते. पण अनोळखी माणसाला नावावरून काही कळत नाही. त्याला 'नाचणीचे लाडू' कळते. म्हणून वरच्या पट्ट्यात वस्तू आणि त्याखाली नाव. ज्या गटाचे नाव आधीच घरोघरी पोहोचले आहे, त्याने क्रम उलटा करावा, इतरांनी नाही. पापड आणि सत्त्व मोठ्या अक्षरांत येणार नाहीत, हेही इथेच ठरते. लाडवासाठी थांबलेल्या माणसाला पापड टेबलावर दिसतातच.

आता मोजमाप. गर्दीत दिसणारा पट्टा 40 सेंटिमीटरचा. मात्रा आणि उकार धरून ओळीची एकूण उंची अक्षराच्या सुमारे 1.7 पट होते. अक्षर 20 सेंटिमीटरचे घेतले, तर ओळ 34 सेंटिमीटरची झाली. पट्ट्यात बसली आणि वरखाली थोडा श्वासही उरला. रुंदीचा अंदाज असा: एक अक्षर जवळपास जितके उंच तितकेच रुंद, काना त्याच्या चार दशांश आणि दोन शब्दांमधली जागाही तेवढीच. 'नाचणीचे लाडू' मध्ये सहा अक्षरे, वेलांटीच्या उभ्या दांडीसह तीन काने आणि एक मोकळी जागा आहे. बेरीज उंचीच्या 7.6 पट. 20 सेंटिमीटरला ती सुमारे दीड मीटर भरते. तीन मीटरच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण मीटर जागा राहते. एका बाजूला बोधचिन्ह, दुसरी बाजू मोकळी. सहा मीटरला साडेसात सेंटिमीटर पुरले असते, इथे त्याच्या अडीचपटीहून मोठे अक्षर आहे. कारण इथे मुद्दाम वाचणारा माणूस नाही, बोलत चालताना नजर फिरवणारा आहे.

त्याखालचा 1.65 ते 1.95 मीटरचा पट्टा गर्दी कमी असताना दिसतो. तिथे गटाचे नाव आणि गाव, 10 सेंटिमीटरच्या अक्षरांत. दोन ओळींमध्ये पुरेसे अंतर ठेवायचे, नाहीतर वरच्या 'डू'चा उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतो. पॅनलच्या जोडांवर, म्हणजे एक आणि दोन मीटरच्या रेघांवर, अक्षर येत नाही ना हेही पाहायचे. सलग फ्लेक्स लावणार असाल, तर ही अडचण नाही. पण सनबोर्डचे तुकडे किंवा चुंबकाच्या पट्ट्यांवर बसणारे घडीचे पॉप-अप बॅकड्रॉप असेल, तर जोडावरचे अक्षर हमखास दुभंगते.

1.65 मीटरच्या खाली एकही शब्द नको. तिथे सपाट रंग किंवा लाडवाचे एकच मोठे छायाचित्र. पत्ता, फोन, परवान्याचा क्रमांक हे सगळे पाकिटावर आणि पत्रकावर जाते. हे मान्य करणे गटाला सर्वांत जड जाते, पण पाटीवरून फोन नंबर पाठ करून जाणारे गिऱ्हाईक नसते.

स्टँडीचे काम वेगळे

बाजारात सर्रास मिळणारी स्टँडी तीन बाय सहा फुटांची, म्हणजे साधारण 90 सेंटिमीटर रुंद आणि 180 सेंटिमीटर उंच. खालच्या ॲल्युमिनियमच्या पेटीत स्प्रिंगवर गुंडाळलेले कापड किंवा फिल्म वर ओढायची आणि मागच्या काठीला अडकवायची. ती दर्शनी कडेला उभी राहते, म्हणून वाटेतून येणाऱ्याला आठ-दहा मीटरवरून दिसू शकते. मात्र एका अटीवर, ती वळवून ठेवलेली हवी. वाटेला समांतर ठेवलेली स्टँडी आठ मीटरवरून पाहिली, तर तिची दिसणारी रुंदी खऱ्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढीही नसते. तीच मुख्य दाराच्या दिशेला 45 अंशांनी वळवली की जवळजवळ चार पंचमांश दिसते. यासाठी एक पैसाही लागत नाही, तरी कित्येक स्टॉलवर ती भिंतीला चिकटून उभी असते. वळवताना ती स्टॉलच्या हद्दीतच राहील एवढे पाहायचे, कारण वाटेत आलेली वस्तू आयोजक उचलायला लावतात.

आपल्या गटासाठी स्टँडीवर 'नाचणीचे' एका ओळीत आणि 'लाडू' दुसऱ्या ओळीत घेऊ. 15 सेंटिमीटरच्या अक्षरांत 'नाचणीचे' सुमारे 72 सेंटिमीटर भरते आणि 90 च्या रुंदीत दोन्हीकडे समास सोडून बसते. ठोकताळ्याप्रमाणे ते बारा मीटरवरून वाचता येईल. दोन ओळींना मिळून वरचा अर्धा मीटर जातो आणि तेवढाच भाग माणसांच्या खांद्यावरून दुरून दिसतो. त्याखालच्या मधल्या भागात जवळ आलेल्यासाठी दोन-तीन ओळी: साजूक तूप, गूळ, पाव किलोचा भाव. ही अक्षरे अडीच-तीन सेंटिमीटरची पुरतात, कारण ती दोन मीटरवरून वाचायची आहेत. पैसे देण्याचा किंवा माहितीचा क्यूआर कोड ठेवायचा असेल, तर तो कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर आणि एक मीटरवरून टिपता यावा म्हणून किमान दहा सेंटिमीटरचा. गुडघ्याखाली काहीच नको. शिवाय खालच्या आठ-दहा सेंटिमीटरचा भाग पेटीत अडकवण्यासाठी आत जातो. तिथे फोन नंबर छापून तो पेटीत गेलेल्या स्टँडी दर प्रदर्शनात दिसतात.

स्टँडीत साधे फ्लेक्स घातले की काही दिवसांत दोन्ही कडा आत किंवा बाहेर वळतात आणि मधे पन्हळ पडते. मग अक्षरे वाकडी दिसतात आणि दिव्यांचे पट्टे चमकतात. कडा न वळणारी जाडसर फिल्म किंवा कापड यासाठी बनवलेले मिळते. थोडे महाग असले तरी तेच घ्यावे. मिटवताना वरची पट्टी हातातून सोडायची नाही. ती सटकन आत गेली की कड फाटते आणि स्प्रिंग सैल पडते. मग दुसऱ्या प्रदर्शनाला स्टँडी कंबरेत वाकलेली उभी राहते. उघड्या मैदानावरच्या प्रदर्शनात वाऱ्याने ती आडवी होते. तिथे पेटीवर वजन ठेवावे किंवा मागची काठी मंडपाच्या खांबाला बांधावी.

रंग: आधी उजेड, मग ओळख

आपला रंग आपल्याला प्रिय असतो, आणि असायला हवा. पाकीट, ॲप्रन, पाटी एकाच रंगात असली की मागच्या वर्षीचे गिऱ्हाईक दुरून ओळखते. पण वाचण्यासाठी डोळ्याला हवा असतो तो रंगांतला फरक नव्हे, उजळपणातला फरक. लाल आणि हिरवा हे अगदी वेगळे रंग आहेत, तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर हिरव्यावरचे लाल अक्षर दुरून थरथरते. लाल-हिरव्यात फरक न करू शकणाऱ्या पुरुषांना तर ते दिसतच नाही.

नेहमी दिसणारे उदाहरण नारिंगीचे. नारिंगीवर पांढरी अक्षरे आपल्याकडे फार लोकप्रिय आहेत. उजळपणाचे गुणोत्तर काढले, तर नेहमीच्या भडक नारिंगीवर पांढऱ्याचे ते सुमारे अडीच येते आणि काळ्याचे आठ. वेबपानांवरच्या मोठ्या अक्षरांसाठी जागतिक मानक किमान तीन मागते. म्हणजे पांढरे त्यात नापास होते आणि काळे किंवा अतिगडद तपकिरी आरामात पास होते. नारिंगी हा तुमचा रंग असेल, तर तो सोडायची गरज नाही. त्यावरचे अक्षर बदलायचे. आपल्या बचत गटाचे नशीब चांगले आहे. हळदीच्या पिवळ्यावर गडद तपकिरी अक्षर उत्तम वाचले जाते. पांढऱ्यावर पिवळे अक्षर मात्र अजिबात नको. तपासायला महागडे साधन लागत नाही. नमुन्याचा फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करायचा. अक्षरे करड्यात बुडाली, तर गिऱ्हाइकाच्या नजरेतही बुडणार.

रंग जुळवण्याचा प्रश्न यानंतर येतो. पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाने बनतो. छपाईचा निळसर, गुलाबीसर, पिवळ्या आणि काळ्या शाईने. पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा नारिंगी शाईत उतरतच नाही, तो मळकट येतो. शिवाय तीच फाइल फ्लेक्सवर, व्हिनाइलवर आणि कापडावर तीन वेगळ्या छटा देते. म्हणून पडदा पाहून मंजुरी द्यायची नाही. ज्या कापडावर किंवा फ्लेक्सवर छापायचे, त्याच्यावरच वीतभर तुकडा छापून मागायचा, आपले पाकीट त्याच्याशेजारी धरायचे आणि दोन्ही आधी पांढऱ्या, मग पिवळ्या दिव्याखाली पाहायचे. एका दिव्याखाली जुळलेले रंग दुसऱ्याखाली फटकून दिसू शकतात, आणि प्रदर्शनात कोणते दिवे असतील हे आपल्या हातात नसते. समाधान झाले की शाईच्या चार आकड्यांची नोंद वहीत करून ठेवायची. पुढच्या वर्षी दुसऱ्या छापखान्यात गेलात, तरी सुरुवात तिथूनच होईल.

पृष्ठभाग चकचकीत नको, मॅट हवा. स्टॉलच्या दर्शनी पट्टीवर बसवलेले दिवे थेट बॅकड्रॉपवर पडतात आणि चकचकीत व्हिनाइलवर नेमके मधल्या अक्षरात पांढरे डाग उठवतात. नमुन्याच्या तुकड्यावर फोनचा टॉर्च मारून पाहिला की हे आधीच कळते.

छापखान्यात बिघडणारे मराठी

मराठी पाटीची खास अडचण म्हणजे मजकूर बिघडणे. आपण फोनवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवतो. छापखान्यातल्या जुन्या कोरल किंवा फोटोशॉपला देवनागरीची जोडणी येत नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, जोडाक्षराचे पाय मोडतात आणि 'प्र'च्या जागी 'प'खाली हलन्त आणि शेजारी वेगळा 'र' दिसतो. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी मुद्दाम निवडावी लागते. कुठे मजकूर जुन्या फाँटमध्ये पुन्हा टाइप केला जातो, तिथे टाइप करणाऱ्याच्या चुका शिरतात. उपाय एकच. मांडणी नीट झाल्यावर अक्षरे 'कर्व्ह' करून घ्यायची, म्हणजे त्यांचे आकृतीत रूपांतर होते आणि पुढे कोणत्याही संगणकावर ती मोडत नाहीत. त्यानंतर ती पीडीएफ एका मराठी वाचणाऱ्या माणसाने अक्षर अक्षर तपासायची. मजकूर पाचसहा शब्दांचाच असेल, तर हे दोन मिनिटांचे काम आहे. कमी शब्दांचा हा आणखी एक फायदा.

बोधचिन्हाची मूळ फाइल, रेषांवर बनलेली, जपून ठेवायला हवी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र साधारण 1600 ठिपके रुंद उरते. ते तीन मीटरवर ताणले की एकेक ठिपका जवळजवळ दोन मिलिमीटरचा होतो आणि कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली, तर ती तशीच पोहोचते. छायाचित्राला मात्र फार काटेकोर व्हायला नको. प्रत्यक्ष आकारात इंचाला 100 ठिपके बॅकड्रॉपला भरपूर होतात, कारण तो कुणी नाक लावून पाहत नाही.

छापण्यापूर्वीची परीक्षा

दोन तपासण्या फुकटात होतात. पहिली फोनवर. सहा मीटरवरून तीन मीटरचा बॅकड्रॉप जितका दिसतो, तितकेच 30 सेंटिमीटरवर धरलेले 15 सेंटिमीटर रुंदीचे चित्र दिसते. फोन आडवा धरून ते पाहता येते. दहा मीटरवरची स्टँडी 40 सेंटिमीटरवर धरलेल्या सात सेंटिमीटर उंचीच्या चित्राएवढी. या आकारात ठेवून ते चित्र घरातल्या कुणाला तरी तीन सेकंद दाखवायचे आणि फोन पालथा घालून विचारायचे, काय विकतात? उत्तर लगेच आले नाही, तर आणखी शब्द काढायचे.

दुसरी तपासणी खऱ्या आकारात. मोठ्या ओळीतले दोन-तीन शब्द साध्या कागदांवर तुकड्यांत छापून भिंतीवर चिकटवायचे, टेपने सहा मीटर मोजायचे, आणि ज्याला मजकूर माहीत नाही अशा साठीच्या माणसाला संध्याकाळच्या उजेडात वाचायला सांगायचे. ज्याने मजकूर लिहिला, त्याची परीक्षा कामाची नाही. त्याला ती अक्षरे डोळे मिटूनही वाचता येतात.

पुढच्या प्रदर्शनासाठी स्टॉल नोंदवला असेल, तर छापखान्यात जाण्यापूर्वी एवढे करा. आयोजकांकडून नकाशा घ्या, वाटेची रुंदी आणि भिंतीची उंची विचारा, अंतराला 80 ने भागा आणि उत्तर येईल त्याहून लहान एकही अक्षर दुरून वाचायच्या मजकुरात येऊ देऊ नका. जे शब्द त्या मापात बसत नाहीत, त्यांची जागा पाटीवर नाही, पाकिटावर आहे.